एक घर, तीन डोकी आणि पांढऱ्या केसांचं प्रमाण: चौदा महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या घरात तिघी जणी केस रंगवतो. मी ४६ वर्षांची, समोरून बऱ्यापैकी पिकलेली. धाकटी जाऊ ३८ ची, तिच्या भांगात मोजून काही पांढऱ्या तारा. आणि सासूबाई ७२ च्या, जवळपास पूर्ण पांढऱ्या. गेल्या वर्षी आम्ही पार्लरमध्ये वापरतात तसला ट्यूबमधला क्रीम कलर आणि त्यात मिसळून रंग चढवणारा वेगळा डेव्हलपर आणून घरीच रंगवायला सुरुवात केली. चौदा महिने झाले. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण मला जे सांगायचंय ते कुठल्याही चांगल्या कंपनीच्या ट्यूबला लागू आहे: शेड निवडताना आधी आपले पांढरे केस किती ते बघायला हवं, आवडता रंग त्यानंतर. हे कळेपर्यंत आमचे पहिले पाच महिने वाया गेले.

सुरुवात माझ्यापासून करते. मला महागनी छटा आवडते, म्हणून मी ४.५ आणली. ट्यूबवरचे आकडे असे वाचायचे: टिंबाच्या आधीचा आकडा म्हणजे रंग किती गडद. १ म्हणजे काळा, ३ गडद तपकिरी, ४ मध्यम तपकिरी, ५ फिकट तपकिरी, ६ त्याहून उजळ, असं करत १० पर्यंत. टिंबानंतरचा आकडा म्हणजे छटा. माझ्या कंपनीत .० म्हणजे नैसर्गिक, .१ राखाडी थंड छटा, .३ सोनेरी, .५ महागनी. दुसऱ्या कंपनीत टिंबानंतरच्या याच आकड्याचा अर्थ वेगळा असू शकतो, म्हणून कंपनी बदलली की तिचा तक्ता पुन्हा वाचावा लागतो. आपले केस घरात बसल्यावर काळे दिसतात, पण उन्हात बघितलं तर बहुतेक जणींचे २ किंवा ३ असतात. माझे ३ आहेत.

तर ४.५ एकटीच लावली. मागे मानेपाशी काहीच फरक दिसला नाही, डोक्यावर मध्ये छान गडद महागनी आली, आणि समोर कपाळाच्या कडेला मात्र केस गुलाबीसर लाल झाले. एकाच वाटीतला रंग, एकाच डोक्यावर, तीन प्रकारचा. मला आधी वाटलं वेळ कमीजास्त झाली असेल. पुढच्या महिन्यात घड्याळ लावून केलं, तरी तेच. मग आमच्या गल्लीतल्या पार्लरवाल्या ताईंना दाखवलं. त्यांनी केस बाजूला करून बघितले आणि म्हणाल्या, “वहिनी, तुमच्या पुढच्या केसांना बेसच दिला नाहीत. नुसती छटा चढलीय.”

हे नीट समजून घेतलं तेव्हा सगळा उलगडा झाला. काळ्या किंवा तपकिरी केसात आधीपासून स्वतःचं रंगद्रव्य असतं. त्यावर महागनी चढली की दोन्ही मिळून गडद लालसर तपकिरी दिसतं. पांढऱ्या केसात हे रंगद्रव्यच नसतं. छटेच्या ट्यूबमध्ये लाल-जांभळा भाग जास्त आणि तपकिरी आधार कमी, त्यामुळे पांढऱ्या केसावर ती पारदर्शक रंगीत कागदासारखी बसते. खाली आधार नाही म्हणून लाल उघडा पडतो. तो आधार द्यायचा म्हणजे त्याच पातळीची नैसर्गिक शेड, माझ्या बाबतीत ४.०, छटेत मिसळायची. यालाच पार्लरमध्ये बेस म्हणतात. पांढरे केस जितके जास्त, तितका बेसचा वाटा मोठा. साधारण चौथ्या हिश्श्यापर्यंत पांढरे असतील तर छटा एकटी चालते. त्यापुढे अर्ध्यापर्यंत पांढरे असतील तर मिश्रणात पाव ते अर्धा बेस लागतो. अर्ध्याहून जास्त पांढऱ्यांना निम्म्यापेक्षा अधिक बेस, आणि जवळपास सगळेच पांढरे असतील तर बेस मुख्य आणि छटा फक्त चवीपुरती. कंपन्यांच्या तक्त्यात दोन शून्यं असलेल्या शेडही असतात, उदाहरणार्थ ४.००. त्या खास हट्टी पांढऱ्या केसांसाठी जास्त भरीव बनवलेल्या असतात.

दुकानातल्या शेड-कार्डानेही माझी फसगत झाली होती. त्या कार्डावरचे केसांचे झुपके बहुतेक वेळा पांढऱ्या कृत्रिम धाग्याचे असतात. म्हणजे कार्डावर दिसते ती शेड शंभर टक्के पांढऱ्यावर कशी दिसेल ती. आपल्या काळ्या केसांवर ती तशी येणार नाही, आणि पांढऱ्यावर मात्र तेवढीच भडक येईल.

आता प्रमाण मोजायचं कसं? आरशात बघून अंदाज केला की तो चुकतोच, कारण आपण फक्त भांग आणि कपाळ बघतो. मी असं करते: केस धुऊन पूर्ण वाळू द्यायचे, कारण ओल्या केसात पांढरे लपतात. सकाळी खिडकीपाशी बसून तीन ठिकाणचे केस वेगळे करायचे, कपाळाच्या कडेचे, टाळूवरचे आणि मानेपाशीचे. प्रत्येक ठिकाणची बारीक बट एका निळ्या कागदावर पसरायची आणि पन्नास केस मोजायचे. निळ्यावर काळे आणि पांढरे दोन्ही उठून दिसतात. मानेपाशी जाऊने मोजून दिले. माझे आकडे निघाले: समोर पन्नासांत ३४ पांढरे, टाळूवर १९, मानेपाशी ६. म्हणजे समोर ६८ टक्के, मध्ये ३८, मागे १२. सरासरी काढली तर चाळीसच्या आसपास येते, आणि त्या सरासरीचा काहीही उपयोग नाही. चाळीस टक्क्यांसाठी केलेलं मिश्रण समोर लाल पडणार आणि मागे गरजेपेक्षा गडद बसणार.

म्हणून आता मी दोन वाट्या करते. मुळांपुरता रंग लावायला मला एकूण ३० ग्रॅम क्रीम पुरतं. समोरच्या वाटीत १० ग्रॅम ४.० आणि ५ ग्रॅम ४.५. टाळूच्या वाटीत उलट, ५ ग्रॅम ४.० आणि १० ग्रॅम ४.५. माझ्या ट्यूबला दीडपट डेव्हलपर लागतो, म्हणून प्रत्येक वाटीत साडेबावीस मिलीच्या आसपास. काही कंपन्यांचं प्रमाण एकास एक असतं, ते डबीवर लिहिलेलं असतं. मोजायला स्वयंपाकघरातला छोटा डिजिटल काटा वापरते. ट्यूबवरच्या खुणांवर डोळ्यांनी मोजलं तेव्हा दर वेळी छटा बदलायची. या हिशेबात दोन्ही ट्यूबा सारख्याच संपतात, साठ ग्रॅमची एक ट्यूब चार वेळा पुरते. ट्यूब घट्ट बंद ठेवली तर आतलं क्रीम टिकतं, डेव्हलपर मिसळलेलं मात्र उरलं तर फेकावंच लागतं. ते वाटीतच काळवंडून निकामी होतं.

डेव्हलपर मी सहा टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडचा घेते, ज्याला वीस व्हॉल्यूम म्हणतात. पांढरे झाकायला हाच योग्य. तीन टक्क्यांच्यात माझे समोरचे केस अर्धवट झाकले गेले आणि तीन आठवड्यांत रंग उतरला. नऊ टक्क्यांचा रंग चांगला चढेल या समजुतीने एकदा आणला होता. तो मूळचे काळे केस जास्त उजळवतो आणि पांढऱ्यावर काही जास्त चढवत नाही, त्यामुळे दोन्हींमधला फरक उलट वाढला.

कानशिलांवरचे केस हा माझा सगळ्यात चिवट भाग. ते जाडसर आणि गुळगुळीत असतात, रंग लवकर आत घेत नाहीत. म्हणून समोरची वाटी आधी लावते, टाळूची दहा-बारा मिनिटांनी. समोर एकूण ४५ मिनिटं, मध्ये ३५ च्या आसपास. थर जाड लावायचा, ब्रशने दाबून घासत बसायचं नाही, कारण घासलं की केसांवर रंगच उरत नाही. एकदा सगळं बरोबर करूनही डाव्या कानशिलावर पांढरा पट्टा तसाच राहिला. कारण शोधलं तर कपाळाला डाग पडू नये म्हणून लावलेलं व्हॅसलिन केसांच्या मुळांवर गेलं होतं. तेव्हापासून व्हॅसलिन केसांच्या रेषेपासून बोटभर अलीकडेच थांबवते. तेल चोपडलेल्या केसांवरही हाच प्रकार होतो, म्हणून आदल्या दिवशी कंडिशनर न लावता केस धुते.

मानेपाशीच्या बारा टक्क्यांना मी दर वेळी हात लावत नाही. तिसऱ्या खेपेला, उरलेल्या मिश्रणाने. तिथले काळे केस विनाकारण उजळवून लालसर करण्यात अर्थ नाही.

हा लालसरपणाचा मुद्दा मला जावेमुळे कळला. तिच्या पन्नास केसांत दोन-तीनच पांढरे, तेही फक्त भांगात. एवढ्यासाठी तिने माझ्याच ट्यूबमधलं नुसतं ४.० सहा टक्क्यांच्या डेव्हलपरमध्ये लावायला सुरुवात केली. पांढऱ्या तारा झाकल्या गेल्या, पण तीन महिन्यांनी गच्चीवर उन्हात उभी होती तेव्हा तिच्या मुळांपाशी तांबूस झाक दिसली. एका लग्नातल्या फोटोत तर ती स्पष्टच आली. तिने तर लाल छटा कधी लावलीच नव्हती. झालं असं की सहा टक्क्यांचा डेव्हलपर काळ्या केसातलं मूळ रंगद्रव्य थोडं विरळ करतो आणि गडद केसात खालून तांबूसच बाहेर येतं. माझ्यासारखीचे पांढरे झाकायला तो लागतो. तिच्या डोक्यावर मात्र पंच्याण्णव टक्के चांगले काळे केस उगाच उजळत होते. तिला पांढऱ्यांचा त्रास होता पाच टक्के आणि ती उपाय करत होती शंभर टक्क्यांवर.

आता ती अमोनिया नसलेला, सौम्य डेव्हलपरचा डेमी प्रकारचा रंग वापरते. तो केस उजळवत नाही, फक्त रंग चढवतो, आणि वीस-पंचवीस धुण्यांत हळूहळू उतरतो. आणि इथे एक गोष्ट मला फार आवडली. एवढ्या कमी पांढऱ्यांना बेसची गरजच नाही. ती ४.५ एकटीच लावते. माझ्या कपाळावर जी छटा भडक दिसली, तीच तिच्या दोन-चार तारांवर गडद केसांच्या गर्दीत बारीक महागनी रेघांसारखी दिसते, मुद्दाम करून घेतल्यासारखी. मुळं वाढली तरी रेषा दिसत नाही, कारण काळे केस मूळचेच आहेत. वेळ वीस मिनिटं. पांढरे पूर्ण झाकले जात नाहीत हे खरं, जवळून बघितलं तर ते काळ्यांहून फिकटच असतात. ज्यांना एकही तार वेगळी दिसलेली चालत नाही त्यांचं यात समाधान होणार नाही.

अमोनिया नाही म्हणजे निर्धोक, असं मात्र समजू नका. पीपीडी हे केसांच्या रंगातलं रसायन किंवा त्याच्या जातीची रसायनं यातही असतात आणि अ‍ॅलर्जी बहुधा त्यांचीच येते. आम्ही तिघींनी कानामागे थोडा रंग लावून ४८ तास बघितलं, आणि नवीन ट्यूब दुसऱ्या प्रकारची असेल तर पुन्हा बघतो. ‘काळी मेंदी’ म्हणून मिळणाऱ्या बऱ्याच पाकिटांतही पीपीडी असतं.

सासूबाईंचं काम सगळ्यात अवघड होतं आणि त्यातच मी सर्वांत जास्त शिकले. त्या वर्षानुवर्षं पावडरचा काळाभोर रंग लावत होत्या. दर दहा-बारा दिवसांनी. कारण केस महिन्याला साधारण एक-सव्वा सेंटीमीटर वाढतात आणि काळ्याभोर केसांच्या मुळाशी तीन-चार मिलिमीटर पांढरं आलं की ते टाळूवर चमकायला लागतं. केस विरळ झालेले, त्यात टाळूलाही काळे डाग. त्या स्वतःच म्हणाल्या, “अगं, मला काळे केस नको आता, पण पांढरीही दिसायचं नाही. मधलं काहीतरी कर.”

मोजलं तर समोर आणि टाळूवर पन्नासांत ४६, मागे ३८. एवढे पांढरे असताना खरं तर गडद शेड हीच चूक. पांढऱ्याच्या जवळ जाणारी उजळ शेड लावली की वाढणारं मूळ आणि रंगलेला केस यांतलं अंतर कमी होतं. म्हणून ६ ची पातळी ठरवली. पण लगेच ६ लावता येत नव्हतं, कारण खालची लांबी काळी होती आणि आधी चढलेला रंग नुसत्या नव्या रंगाने उजळत नाही. मुळं फिकट आणि टोकं काळी असा पट्टा पडला असता. ब्लीच करून काळा काढता येतो, पण त्यांचे केस बघून ती हिंमत केली नाही. मग वेळ घेतला. पहिले तीन महिने फक्त मुळांना ४.०, पुढचे चार महिने ५.०, आणि दर दीड-दोन महिन्यांनी खालून थोडे केस कापत आलो. आठव्या महिन्यात केस खांद्यापर्यंत आणले तेव्हा कुठे काळी टोकं बरीचशी गेली. पूर्वीचा लांब शेपटा गेला याचं त्यांना वाईट वाटलं, ते मी लपवत नाही.

५.० लावल्यावर एक वेगळीच अडचण आली. रंग पक्का बसला, एकही पांढरा उरला नाही, पण केस मातकट, थोडे हिरवट खाकी दिसायला लागले. चेहरा उतरलेला वाटायचा. मला वाटलं थंड छटा दिली तर सुधारेल, म्हणून एकदा थोडी ५.१ मिसळली. त्याने तर पाटीसारखा करडा रंग आला. पुन्हा कारण तेच, पण उलट बाजूने. खऱ्या तपकिरी केसाच्या पोटात तांबूस-पिवळी ऊब असते. पांढऱ्यात ती नाही. माझ्या समोरच्या केसांना आधार कमी पडला होता, यांना ऊब कमी पडली. .१ मधला निळसर भाग पांढऱ्यावर जसाच्या तसा उघडा पडतो. म्हणून बहुतांश पांढऱ्या केसांवर राखाडी छटा मी आता कधीच लावणार नाही, कार्डावर ती कितीही शालीन दिसो.

आता त्यांचं मिश्रण असं: २० ग्रॅम ६.० आणि १० ग्रॅम ६.३, म्हणजे दोन भाग बेस आणि एक भाग सोनेरी. डेव्हलपर तोच सहा टक्क्यांचा, दीडपट. निम्म्यास निम्मं सोनेरी करून बघितलं तर कपाळाशी पितळी झाक आली, आणि पाव हिस्सा केलं तर मातकटपणा परत डोकावला. दोनास एक हे त्यांच्या केसांना बसलं. लावायचं फक्त मुळांना. लांबीवर दर वेळी लावलं तर थरावर थर चढून टोकं गडद होत जातात आणि मग ६ चं ५ दिसायला लागतं. टोकं निस्तेज वाटली तर शेवटची पाच मिनिटं उरलेलं मिश्रण थोडं पाणी लावून खाली ओढते, बस्स.

याने सगळ्यात मोठा फरक पडला तो दिवसांत. दहा-बारा दिवसांवरून आता चार ते साडेचार आठवड्यांवर आलो. मुळं वाढतात तेवढीच, पण फिकट तपकिरीशेजारी पांढरं खुपत नाही. टाळूचे काळे डाग बंद झाले. फोटोत केस दाट दिसतात, कारण विरळ जागी काळा केस आणि गोरी टाळू यांचा विरोध राहिला नाही.

दोष सांगायचे तर दोन आहेत. उन्हाळ्यात, रोज डोक्यावरून पाणी घेतलं की सासूबाईंच्या केसांतला सोनेरी भाग आधी उतरतो आणि चौथ्या आठवड्यात रंग पुन्हा जरा कोरडा दिसतो. आणि माझी महागनीही तशीच, लाल छटा सगळ्यात लवकर फिकी होते, खाली बेस मात्र टिकतो. दुसरं म्हणजे वेळ. दोन वाट्या, दोन वेळा, काटा, कागद, यात माझी रविवारची सकाळ जाते. ज्यांना एवढं नको त्यांनी समोरच्या केसांचं प्रमाण धरून एकच वाटी करावी. मागे थोडी गडद येईल, पण कपाळावर लाल पडण्यापेक्षा ते बरं.

आमच्या शेजारच्या काकूंनी हेच मिश्रण मागितलं होतं. त्यांचे केसही जवळपास पांढरे, पण त्या मेंदी आणि नीळ लावतात. त्यांना मी नाही म्हटलं. मेंदीचा केशरी आणि निळीचा निळा आधीच केसात असताना वरून ६.३ कसा दिसेल ते वाटीत ठरत नाही. तो आधी एका लपलेल्या बटेवरच बघावा लागेल, आणि त्यांची तयारी असेल तर पुढच्या महिन्यात मानेपाशीची एक बट घेऊन करू.

गेल्या आठवड्यात मी पुन्हा निळा कागद काढला. समोर पन्नासांत ३४ चे ३७ झालेत. आता समोरच्या वाटीत १२ ग्रॅम ४.० आणि ४ ग्रॅम ४.५ घेतलंय, आणि या वेळी कपाळाची कड टाळूशी अगदी जुळून आलीय.